जीसीपी सर्टिफिकेटसाठी ४५,००० भरावेत का? (बडोदा) मदत हवी आहे

सावली_बडोदा: यंदा बी.फार्म. झालं. इथल्याच एखाद्या हॉस्पिटलात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर व्हायचंय. एक संस्था सहा महिन्यांच्या डिप्लोम्याचे ४५,००० मागतेय, सोबत जीसीपीचं, म्हणजे औषधांच्या ट्रायल नीट कशा करायच्या त्या नियमांचं, ‘आयुष्यभर चालणारं’ सर्टिफिकेट. बाबा भरायला तयार आहेत, मलाच धीर होत नाहीये. काय करू?

रावपुरा_कट्टा: अजिबात भरू नकोस. gcp.nidatraining.org वर फुकट होतं. पण जीसीपीचे नियम ठरवणाऱ्या आयसीएचची आर३ ही नवी आवृत्ती २०२५ मध्ये आलीय, त्यामुळे जुनी सर्टिफिकेटं सगळी रद्द.

नीलिमाताई: रद्द वगैरे काही नाही. कुठली आवृत्ती आणि किती जुनं चालेल, ते त्या ट्रायलचा स्पॉन्सर, म्हणजे ट्रायल करवून घेणारी कंपनी किंवा संस्था, ठरवतो. तू सांगितलेल्या कोर्सचं सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. ‘आयुष्यभर’ म्हणणाऱ्यांपासून मात्र लांबच राहा.

सावली, फुकटचा कोर्स कर, पण तो अमेरिकी आहे. आपले २०१९चे नियम वेगळे वाच. गंभीर दुष्परिणाम झाला तर डॉक्टरांनी २४ तासांत कळवायचं असतं, तेही स्पॉन्सर, एथिक्स कमिटी आणि सरकारी परवाना अधिकारी, तिघांना. ती धावपळ कोऑर्डिनेटरच्याच गळ्यात पडते.

मी मुलाखत घेते तेव्हा सर्टिफिकेट बाजूला ठेवते आणि एक फाइल पुढे करते. संमतीपत्रावर सही ११:२०ला, ट्रायलच्या रक्ताची नोंद १०:५०ची. काय करशील? बरेच जण म्हणतात, वेळ दुरुस्त करू. तिथेच संपलं. वेळेला हात लावायचा नाही. आधी शोधायचं, हे रक्त डॉक्टरांनी नेहमीच्या उपचारासाठी काढायला सांगितलं होतं का? तसं केसपेपरवर असेल आणि प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या ठरलेल्या आराखड्यात, मुभा असेल, तर चालतं. फक्त ट्रायलसाठी काढलं असेल, तर संमतीआधीच काम सुरू झालं. ते जसंच्या तसं लिहून डॉक्टरांना दाखवायचं, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटीला कळवायचं. आणि खरोखरच लिहिण्यात चूक झाली असेल, तर जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून बाजूला सही, तारीख, कारण. व्हाइटनर नाही.

देशपांडेकाका: माझ्या मुलाचं एम.एस्सी. मायक्रो झालंय. त्याने थेट एसीआरपी या क्लिनिकल रिसर्चवाल्यांच्या संस्थेची परीक्षा द्यावी का?

नीलिमाताई: काका, त्याला कामाच्या अनुभवाचे तास दाखवावे लागतात. पास झाल्या झाल्या बसता येत नाही. आधी ट्रायल चालतात अशा एखाद्या हॉस्पिटलात लागू दे.

मांडवीकर: मी डिप्लोमा केला, म्हणूनच मला मुलाखतीला बोलावलं. एचआर नुसत्या फुकट सर्टिफिकेटकडे बघत नाही.

नीलिमाताई: मोठ्या कंपन्यांत तसं होत असेल, नाही म्हणत नाही. आमच्याकडे अर्ज थेट डॉक्टरांकडे येतो. सावली, तुला गुजराती वाचता येतं ना? ते अर्जात ठळक लिही. पेशंटला संमतीपत्र त्याच भाषेत समजावायचं असतं.

सावली_बडोदा: येतं ताई, शाळा गुजरातीच होती. आधी फुकटचा कोर्स करते, डिप्लोम्याचं नंतर बघू. एकच विचारायचंय, ज्याचं रक्त आधी काढलं तो पेशंट ट्रायलमध्ये राहतो का?

नीलिमाताई: ते मी किंवा तू ठरवायचं नाही. आमच्या एका पेशंटला ठेवलं, दुसऱ्या ट्रायलमध्ये तेवढा नमुना बाद करून परत घ्यायला लावला.