प्रतिसाद : क्लॅरिनेटचा अडकलेला सांधा

«पावसाळ्यात माझ्या लाकडी क्लॅरिनेटचे वरचे व खालचे भाग सुटत नाहीत. काय करावे?»

वाद्य आतून पुसून एक दिवस कोरड्या खोलीत ठेवावे, म्हणजे ओलाव्याने फुगलेले लाकूड थोडे आकसेल; उष्णता देऊ नये, तडा जातो. नंतर वरच्या भागाची कडी दाबून दोन्ही भागांच्या चाव्या जोडणारी जोडचावी उचललेली ठेवावी आणि दांड्यांवर जोर न देता दोन्ही भाग सांध्याजवळ धरून अगदी थोडे उलटसुलट फिरवत सरळ ओढावेत. वाकवल्यास सांध्याचे लाकूड तुटू शकते. सुटल्यावर सांध्यावरील बुचाचे जुने, चिकट ग्रीस पुसून नवे पातळ लावावे. बुचाच्या कडेचे लाकूड घासून चकचकीत झालेले दिसले, तर दोष बुचाचा नाही, फुगलेल्या लाकडाचा आहे. तेवढे लाकूड कारागिराकडूनच किंचित घासून कमी करून घ्यावे.