शब्दचर्चा: GmbH & Co. KG या शेपटीचा अर्थ काय लावायचा?

भाषांतरवाली: एका जर्मन कराराचं मराठी भाषांतर करते आहे. पुरवठादाराच्या नावाच्या शेवटी `GmbH & Co. KG` असं आहे. मी घाईघाईत "मर्यादित कंपनी आणि मंडळी" असं लिहून मोकळी झाले होते. आता काम देणारे विचारताहेत की ही मर्यादित जबाबदारीची कंपनी आहे का, आणि पैसे बुडाले तर धरायचं कुणाला. शब्दकोशात तीन तुकडे वेगवेगळे सापडतात, एकत्र अर्थ लागत नाही.

हिशेबनीस: ताई, फार खोलात जाऊ नका. जीएमबीएच म्हणजे आपण ज्याला खासगी मर्यादित कंपनी म्हणतो तेच. अमेरिकेत त्यालाच एलएलसी म्हणतात. "अँड को" म्हणजे भाऊबंद, जुन्या पेढ्यांच्या नावात असायचे तसे. केजी मला माहीत नाही, पण ते काही महत्त्वाचं नसावं.

उत्तरपद: सगळ्यात महत्त्वाचं केजीच आहे हो! तत्पुरुष समास आठवा. राजपुत्र हा राजा नसतो, पुत्र असतो. तसंच इथे शेवटचं पद प्रधान. हा व्यवसाय केजी आहे, म्हणजे कोमांडिटगेझेलशाफ्ट, एका प्रकारची भागीदारी. तिच्यात दोन जातीचे भागीदार लागतात. एकावर भागीदारीचं सगळं कर्ज येतं, त्याला कोम्प्लेमेंटार म्हणतात. दुसरा कोमांडिटिस्ट, त्याची जोखीम नोंदवलेल्या ठरावीक रकमेपुरती. आता गंमत अशी की सगळं कर्ज अंगावर घेणारा तो पहिला भागीदार इथे माणूस नाही, एक जीएमबीएच आहे. नावाच्या सुरुवातीला ती बसली आहे ते एवढ्यासाठीच. "को" मध्ये उरलेले भागीदार आले.

भाषांतरवाली: म्हणजे सगळं कर्ज अंगावर घेणाऱ्याचंच अंग मर्यादित?

उत्तरपद: अगदी तेच. म्हणून तर ते नावात सांगण्याची सक्ती आहे. अमर्याद जबाबदारी घेणारा एकही हाडामांसाचा माणूस नसेल, तर जर्मन व्यापारी कायद्यानुसार जबाबदारी मर्यादित आहे हे नावावरून कळलंच पाहिजे. नुसतं केजी वाचून समोरच्याला वाटेल की मागे कुणीतरी घरदार पणाला लावून उभा आहे.

शब्दवेडा: जीएमबीएच म्हणजे `Gesellschaft mit beschränkter Haftung`. त्यातल्या `Haftung`, म्हणजे जबाबदारी, या शब्दात मला रस आहे. हाफ्टेन या क्रियापदाचा एक अर्थ चिकटणे असाही आहे. म्हणजे कर्ज कुणाला चिकटतं, एवढाच प्रश्न! आपण "कर्ज अंगावर आलं" म्हणतो, ते जवळचं वाटतं. जीएमबीएच म्हणजे "मर्यादित चिकटण्याची मंडळी" असं होईल. स्पेलिंगमधली लहान-मोठी अक्षरंही बोलकी आहेत. G आणि H मोठी, कारण ती नामं, आणि जर्मनमध्ये नाम मोठ्या अक्षरानं सुरू होतं. mb लहान, कारण त्यात एक अव्यय आणि एक विशेषण. उच्चार गे-एम-बे-हा.

उत्तरपद: छान सांगितलंत. मात्र मर्यादित कुणाची, इथे बरेच जण फसतात. कंपनीची जबाबदारी मर्यादित नसते, ती आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी देणं लागते. मर्यादा आहे ती भागधारकांच्या खिशाला. 1892 च्या कायद्यापासून हेच चालत आलं आहे.

परदेशी_व्यापारी: माझी अमेरिकेत एकट्याची एलएलसी आहे. मग मीही जर्मनीत जीएमबीएच म्हणून नोंदवू का? कर कमी बसेल का?

उत्तरपद: तुमचा प्रश्न वेगळा आहे, थोडक्यात सांगतो. एलएलसीतला शेवटचा सी म्हणजे कंपनी, कॉर्पोरेशन नव्हे. अमेरिकेत ती राज्याच्या कायद्याखाली नोंदते, पहिला असा कायदा 1977 मध्ये वायोमिंगने केला. आणि शेपटीवरून कर कळत नाही. वेगळा पर्याय निवडला नसेल, तर एकाच मालकाची एलएलसी संघीय आयकरासाठी मालकापासून वेगळी धरतच नाहीत. जीएमबीएच मात्र स्वतः कर भरते. म्हणून हिशेबनीस, "त्यालाच एलएलसी म्हणतात" हे अर्धंच खरं. जबाबदारीच्या बाबतीत जवळचं, बाकी नाही.

हिशेबनीस: मान्य. पण ताईंचा प्रश्न पैशाचा आहे. धरायचं कुणाला?

उत्तरपद: पत्राच्या किंवा बिलाच्या तळाशी बारीक अक्षरं असतात, ती वाचा. साधारण अशी दिसतात (नावं आणि आकडे काढून):

```
ABC GmbH & Co. KG, Amtsgericht …, HRA …
Persönlich haftende Gesellschafterin:
ABC Verwaltungs-GmbH, Amtsgericht …, HRB …
Geschäftsführer: …
```

`Persönlich haftende Gesellschafterin` म्हणजे सगळं कर्ज अंगावर घेणारा तोच भागीदार, आणि `Geschäftsführer` म्हणजे व्यवस्थापक. दोन नोंदी, म्हणजे दोन संस्था. HRA हा व्यापारी नोंदवहीतला भागीदाऱ्यांचा विभाग, HRB भांडवली कंपन्यांचा. करारावरची सही तिसऱ्या ओळीतल्या जीएमबीएचचा व्यवस्थापक करतो, पण बांधली जाते पहिल्या ओळीतली केजी. भाषांतरात ही साखळी तुटू देऊ नका.

आता समजा केजीचं देणं 3,00,000 युरो आहे आणि तिच्याकडे वसूल होण्याजोगे 1,80,000 आहेत. उरलेल्या 1,20,000 साठी जीएमबीएच पूर्ण जबाबदार. पण तिच्याकडे किमान भांडवलाएवढे 25,000 च असतील, तर तेवढेच मिळणार. कोमांडिटिस्टच्या नावे 50,000 नोंदवले आहेत आणि त्यानं 30,000 च भरले आहेत, तर आणखी 20,000 त्याच्याकडून. पूर्ण भरले असते तर काही नाही. बुडीत 75,000.

हिशेबनीस: आणि भरलेले पैसे त्यानं नंतर काढून घेतले असतील तर?

उत्तरपद: तर काढले तेवढ्यापुरती, नोंदवलेल्या रकमेच्या मर्यादेत, जबाबदारी परत जागी होते. पण एक सावधगिरी. 25,000 हे भांडवल जीएमबीएचच्या तिजोरीत कायम पडून असतं असं नाही. नोंदणीच्या वेळी 12,500 भरले तरी चालतं, आणि पुढे तोट्यात ते संपूही शकतं.

वाचक_एक: नुसता `UG` दिसला तर? एका चर्चेत कुणीतरी त्याला "अर्धी जीएमबीएच" म्हटलं होतं.

उत्तरपद: अर्धी नाही, धाकटी. 2008 पासून आहे, भांडवल 1 युरोपासून. नावात UG नंतर कंसात `haftungsbeschränkt`, म्हणजे मर्यादित जबाबदारीची, हा शब्द पूर्ण लिहावा लागतो, त्याचं संक्षिप्त रूप चालत नाही. तो गाळून व्यवहार केला, तर गाळणाऱ्याच्या स्वतःच्या गळ्यात देणं येऊ शकतं. तुम्हाला तो शब्द गाळलेला दिसला, तर नोंदवहीत नाव तपासा. शेवटी `i. G.` दिसलं तर संस्था अजून स्थापनेच्या वाटेवर आहे, आणि तोवर तिच्या नावानं व्यवहार करणारा स्वतः देणं लागतो.

भाषांतरवाली: मग मूळ नाव तसंच ठेवते आणि पहिल्या उल्लेखाला एक वाक्य जोडते: "ही भागीदारी असून तिचा अमर्याद जबाबदारीचा भागीदार ही एक मर्यादित जबाबदारीची कंपनी आहे." चालेल?

उत्तरपद: चालेल. "आणि मंडळी" मात्र काढाच.

शब्दवेडा: "जबाबदारी" नको, "दायित्व" म्हणा. जबाबदारी नैतिकही असते.

हिशेबनीस: दायित्व म्हटलं की वाचणारा शब्दकोश काढतो. मी तर "देणं" म्हणेन.

शब्दवेडा: करारात "मर्यादित देणं" लिहिलंत तर लोक ते देणगीचं समजतील.