मदत हवी आहे: कन्येतल्या शुक्राचा पुष्कर भाग धरायचा की नाही?

बहिणीच्या पत्रिकेत शुक्र कन्येत १३ अंश ३५ कलांवर आहे, लाहिरी अयनांशाने. म्हणजे हस्ताचे दुसरे चरण आणि वृषभ नवमांश. पृथ्वी राशींत ६°४०' ते १०° आणि १३°२०' ते १६°४०' हे दोन पुष्कर नवमांश येतात, त्यामुळे शुक्र पुष्कर नवमांशात आहे याबद्दल शंका नाही. नीच राशीत असूनही नवमांशात तो स्वगृही आहे, हेही लक्षात घेतले आहे.

अडले आहे ते पुष्कर भागापाशी. एका यादीत तिन्ही पृथ्वी राशींना १४ अंश दिला आहे, दुसरीत वृषभ आणि मकरेला १४ पण कन्येला ९. गंमत अशी की ९ आणि १४ हे दोन्ही अंश पुष्कर नवमांशातच पडतात, त्यामुळे त्यावरून निवाडा होत नाही. शिवाय १४ धरला तरी तो चौदावा अंश, म्हणजे १३° ते १४°, की पूर्ण १४°०'? पहिल्या अर्थाने शुक्र भागात बसतो, दुसऱ्याने २५ कलांनी हुकतो.

जन्मवेळ दवाखान्याच्या नोंदीतली आहे. दहा-पंधरा मिनिटांची चूक धरली तरी शुक्र एखादी कलाही सरकत नाही, त्यामुळे वेळशुद्धी सुचवू नका. रमण अयनांशाने तो १५ अंशांवर जातो, पण मी लाहिरीच वापरते.

ज्यांनी बऱ्याच पत्रिकांवर पडताळले आहे त्यांनी सांगावे: कन्येसाठी तुम्ही कोणता अंश धरता, आणि तो चालू अंश मोजता की पूर्ण झालेला?