मसुद्यावर अभिप्राय देताना शुद्धलेखन तपासायचं की नाही?

निळी_शाई: कोर्समध्ये एकमेकांच्या निबंधाचे कच्चे मसुदे वाचून २०० शब्दांत लेखी अभिप्राय द्यायचा आहे. मला मिळालेला मसुदा १२०० शब्दांचा, विषय ‘मराठवाड्यातला ऊस आणि पाणी’. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर आहेत. त्या दुरुस्त करू की मुद्द्यांवर लिहू? पक्क्या मसुद्याला अजून दहा दिवस आहेत.

समासातली_नोंद: मुद्द्यांवर लिहा. कच्च्या मसुद्यातले दोन-तीन परिच्छेद पुढे उडणार किंवा नव्याने लिहिले जाणार. त्यातल्या वेलांट्या सुधारण्यात गेलेला वेळ फुकट जातो. शिवाय पान लाल झालं की लिहिणारा तेवढ्याच दुरुस्त्या करून मोकळा होतो आणि युक्तिवादाला हात लावत नाही.

आधी पेन बाजूला ठेवून एकदा सलग वाचा. मग मसुदा न बघता लेखिकेचं म्हणणं एका वाक्यात लिहा. ते जमलं नाही, तर तोच तुमचा पहिला अभिप्राय. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी तो काय काम करतो ते चार शब्दांत लिहा: ‘ठिबकचा फायदा’, ‘कारखान्यांची संख्या’, ‘पुन्हा ठिबकचा फायदा’. पुनरुक्ती आणि तुटलेले दुवे तिथेच दिसतात. त्यातल्या दोनच जागा निवडून नीट लिहा.

बरोबर_चूक: हे मला पटत नाही. भाषा आणि मुद्दा असे वेगळे काढता येत नाहीत. ‘कारखान्यांनी शेतकऱ्यांना उचल दिली, पण त्यांनी ती वेळेवर फेडली नाही’ हे ठीक. पण ‘कारखान्यांचे शेतकऱ्यांशी करार झाले, पण त्यांनी ते पाळले नाहीत’ यात करार मोडला कोणी? याला कोणी व्याकरणाची चूक म्हणणार नाही, पण युक्तिवाद इथेच कोसळतो. म्हणून सगळ्या चुका दाखवाव्यात. वाचणाऱ्याने ते काम टाळलं तर करणार कोण?

समासातली_नोंद: तुमच्या उदाहरणातलं ‘त्यांनी’ दाखवायलाच हवं, कारण तिथे वाचणारा अडतो. ‘पाणि’ लिहिलं म्हणून कोणी अडत नाही. अशा चुकांचा प्रकार एकदाच सांगा: ‘शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात, पहिल्या परिच्छेदात अशा चार जागा आहेत, पुढच्या तू शोध.’ शोधायला लागलं की नियम हाताशी येतो. आयती दुरुस्ती मिळाली तर पुढच्या निबंधात तीच चूक परत.

मागचा_बाक: माझ्याकडे मैत्रिणीचाच मसुदा आलाय. कमी गुण दिले तर तिला वाईट वाटेल. दहापैकी किती द्यावेत?

निळी_शाई: इथे गुण द्यायचेच नाहीयेत, फक्त लिहायचं आहे. @समासातली_नोंद, ‘नीट लिहा’ म्हणजे कसं? मसुद्यातल्या या ओळी बघा: ‘ठिबकमुळे उसाचे पाणी वाचते. त्यामुळे मराठवाड्यातली टंचाई कमी होईल. म्हणून ठिबकचे अनुदान वाढवावे.’ मी लिहिलं होतं, ‘मुद्दा पटत नाही, स्पष्टीकरण हवं.’

समासातली_नोंद: यावरून काय बदलायचं ते तिला कळणार नाही. ती ठिबकचे आणखी दोन फायदे घालेल आणि भोक तसंच राहील. असं लिहून बघा:

‘पहिलं वाक्य एका एकराबद्दल आहे, दुसरं अख्ख्या मराठवाड्याबद्दल. मधला दुवा मला सापडला नाही. वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी एक एकर ऊस लावला तर एकूण उपसा कमी होईल का? याचं उत्तर काय ठरतं त्यावर अनुदानाची शिफारस टिकेल, किंवा तिला लागवडीच्या मर्यादेची अट जोडावी लागेल.’

यात नेमकी जागा आहे, वाचताना तुम्ही कुठे अडलात ते आहे आणि तिला सोडवता येईल असा प्रश्न आहे. परिच्छेद मात्र स्वतः लिहून देऊ नका. ती तो जसाच्या तसा चिकटवेल आणि निबंध तिचा राहणार नाही.

बरोबर_चूक: हा नमुना चांगला आहे, मान्य. पण तो जमला कारण तुम्हाला पाण्याचा विषय माहीत आहे. ज्याला उसातलं काही कळत नाही, त्याने काय करावं?

समासातली_नोंद: ‘एक एकर’ आणि ‘मराठवाडा’ यांतली उडी दिसायला ऊस कळावा लागत नाही. आकडे खरे की खोटे हे मात्र त्याने ठरवू नये. ‘हा आकडा कुठून घेतलास?’ एवढंच विचारावं.

पूर्णविराम: आणि कौतुक? सुरुवातीला दोन चांगल्या गोष्टी लिहायच्याच, असं आम्हाला सांगितलंय.

समासातली_नोंद: नेमकं असेल तर जरूर. ‘आडसाली ऊस जवळपास दीड वर्ष शेतात उभा असतो, हे दुसऱ्या परिच्छेदात आल्यामुळे पाण्याचा प्रश्न लगेच कळला’ असं लिहिलं तर पुढच्या मसुद्यात ती ते वाक्य उडवणार नाही. ‘छान लिहिलंस’ वाचून काय ठेवायचं ते कळत नाही.

बरोबर_चूक: २०० शब्दांत दोन अडचणी, एक चुकांचा प्रकार आणि वर नेमकं कौतुक? मी कौतुक गाळून तिसरी अडचण लिहीन.