इंडक्शनच्या सिद्धतेतली गाळलेली पायरी

> "फोटोत 2^n > n² ची सिद्धता आहे. 2k² नंतर एकदम (k+1)² कुठून आलं? आणि सुरुवात n = 5 पासूनच का?"

पहिली ओळ म्हणजे पाया: 32 > 25. दुसऱ्या ओळीत k ≥ 5 असा एक k धरून 2^k > k² मानलंय. इथे 'सगळ्या k साठी' मानलेलं नाही, नाहीतर जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरल्यासारखं होईल.

तिसरी ओळ अशी:

```
2^(k+1) = 2·2^k > 2k² > (k+1)²
```

पहिलं '>' गृहीतकामुळे आलं, दोन्ही बाजू दुपटीने वाढवल्या एवढंच. दुसऱ्या '>' चा इंडक्शनशी काही संबंध नाही, ती साधी बीजगणितातली असमानता आहे आणि सरांनी ती फळ्यावर गाळलेली दिसते. वजाबाकी करून बघ:

```
2k² − (k+1)² = k² − 2k − 1 = (k−1)² − 2
```

k ≥ 5 असताना हे किमान 14 येतं, म्हणजे धनच. वहीत ही ओळ मध्ये घालून ठेव. परीक्षेत ती नसेल तर मार्क जाऊ शकतात.

आता गंमत बघ. (k−1)² − 2 हे k = 3 लाही धन आहे, म्हणजे पायरी 3 पासूनच चालते. पण n = 3 ला 8 > 9 खोटं, n = 4 ला 16 > 16 हेही खोटं. पाया पहिल्यांदा टिकतो तो 5 ला. उलट n = 1 ला 2 > 1 खरं आहे, पण तिथून पुढची पायरीच चालत नाही.