समृद्धीवरची उजवी लेन नेमकी कोणाची?

धागाकर्ता, नागपूर: शिवमडक्याहून समृद्धीवर लागलो की मी कार उजव्या लेनमध्ये ताशी 120 वर ठेवतो. मर्यादाच तेवढी आहे, मग मागून दिवे मारणाऱ्याला वाट का द्यावी? आणि 80 ची मर्यादा असलेल्या ट्रकने तिथे यावेच कशाला?

नित्यप्रवासी: दुभाजकालगतची लेन ओलांडण्यापुरती आहे, ओलांडून झाले की मधल्या लेनमध्ये परतावे. मागचा मर्यादा मोडत असेल तर ते पोलीस पाहतील, परंतु तुम्ही अडून राहिलात की तो मधल्या लेनमधून तुमच्या पुढे जाऊ पाहतो, आणि डावीकडचा ट्रक त्याच वेळी तिथे येत असू शकतो.

ट्रकबाबत तुमची तक्रार रास्त आहे. 80 च्या ट्रकला 75 चा ट्रक ओलांडायचा तर दोघांची लांबी आणि पुढेमागे राखायचे अंतर धरून नव्वदेक मीटर भरून काढावे लागतात, आणि ताशी 5 किलोमीटरच्या फरकाने त्याला मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. हे काम मधल्या लेनमध्ये उरकावे. उजवीकडे केले, तर 700 मीटर मागे असलेली 120 ची कार तेवढ्यात त्याला गाठते.

ट्रकमालक, वाडी: डाव्या लेनच्या कडेला बंद पडलेली गाडी उभी असली, तर चालक उजवीकडे सरकणारच. शिवाय आमचे चालक उजवा इंडिकेटर देतात, त्याचा अर्थ ‘पुढे जा’ असाही असतो, हे कारवाल्यांनी समजून घ्यावे.

दुचाकीस्वार: वर्धा रोडवर मला यू-टर्न घ्यायचा असतो, म्हणून मी स्कूटर उजवीकडून हळू चालवते. त्यात माझे काय चुकले?

नित्यप्रवासी: ताई, समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही. शहरात वळण्यासाठी उजवीकडे यावेच लागते, मात्र वळण जवळ आल्यावर, आधीपासून नव्हे.

ट्रकमालक, दुपदरी रस्त्यावरची ती जुनी खूण इथे घातक आहे, कारण इथे उजवा इंडिकेटर म्हणजे ‘मी उजवीकडे येतो आहे’. मागच्याने ‘पुढे जा’ समजून वेग वाढवला आणि 80 चा ट्रक 50 मीटरवर आडवा आला, तर 120 च्या कारला साडेचार सेकंदच मिळतात. म्हणून आधी आरसा पाहावा, मग इंडिकेटर द्यावा, चार-पाच सेकंद जाऊ द्यावेत, पुन्हा आरसा पाहावा आणि मगच स्टिअरिंग हलवावे. स्टिअरिंगसोबतच लागलेल्या इंडिकेटरचा मागच्याला काहीच उपयोग होत नाही.

ट्रकमालक, वाडी: वीस वर्षांची सवय असलेल्या चालकाला हे सांगून पाहीन, तो ऐकेल याची खात्री मी देत नाही.

धागाकर्ता, नागपूर: ट्रकचे पटले. पण मधली लेन 90 ने चालणाऱ्या कारांनी भरलेली असताना सारखे आतबाहेर करणे अधिक धोक्याचे नाही का?

नित्यप्रवासी: पुढची कार दहा-पंधरा सेकंदांत गाठणार असाल तर उजवीतच राहा. मधली लेन लांबपर्यंत मोकळी दिसत असूनही तुम्ही उजवीत असता, आक्षेप त्याला आहे.