मदत हवी आहे: व्हिडिओत मुलं नेमकी कुठे अडली, हे आकड्यांवरून कसं ओळखायचं?

भांडुपकर_विज्ञान: मी भांडुपला दहावीचं विज्ञान शिकवतो. भिंगांचा व्हिडिओ ६० मुलांनी आमच्या ॲपवर पाहिला, मग चाचणी दिली. प्रश्न साधा होता: बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेमी, वस्तू ३० सेमीवर, तर प्रतिमा किती अंतरावर? उत्तर १५ सेमी. बरोबर फक्त २४ जणांचं. चौथ्या मिनिटाला सगळी सूत्रं एकत्र आहेत, तो भाग ४१ जणांनी मागे नेऊन पाहिलाय. सोडवलेलं उदाहरण नवव्या मिनिटाला आहे, ते फक्त १५ जणांनी. मी चौथं मिनिट पुन्हा शूट करावं का?

क्लासवाला_दादर: नक्कीच. जिथे मुलं जास्त वेळा मागे जातात, तिथेच त्यांना कळलेलं नसतं.

ठाण्याची_आई: माझा मुलगा लोकलमध्ये व्हिडिओ बघतो. नेट गेलं की व्हिडिओ आपोआप थोडा मागून सुरू होतो. तेही मोजलं जातं का? आणि मुलांनी किती वेळ स्क्रीन बघावी?

अनघा_मूल्यमापन: ताई, नेटचा मुद्दा रास्त आहे. सर, मुलाने स्वतः मागे नेलेलं तेवढंच मोजा. आणि एकूण आकडा बघू नका. बरोबर आणि चूक उत्तरवाले वेगळे काढा. चुकलेल्यांनी कोणता पर्याय निवडला तेही सांगा.

भांडुपकर_विज्ञान: नेट तुटल्याच्या नोंदी आधीच वगळल्या आहेत. चौथ्या मिनिटाला बरोबरवाले २४ पैकी १७, चुकलेले ३६ पैकी २४. चुकलेल्यांपैकी २९ जणांनी ७.५ सेमी निवडलंय, आणि त्यातल्या फक्त चौघांनी नववं मिनिट परत पाहिलं. बरोबरवाल्यांपैकी ११ जणांनी.

अनघा_मूल्यमापन: मग चौथं मिनिट राहू द्या. तिथे दोन्ही गटांचं प्रमाण जवळपास सारखं आहे, बहुतेक सूत्रं वहीत उतरवून घेत असतील. ७.५ बघा: 1/v = 1/f + 1/u मध्ये u ऋण न घेता ३० टाकलं की 1/v येतं ४/३०, म्हणजे v = ७.५. चुकीची उत्तरं सगळ्या पर्यायांत विखुरली असती तर अंदाजपंचे म्हणता आलं असतं. इथे एकाच पायरीवर २९ जण घसरलेत. आपलं चुकतंय असं त्यांना वाटलंच नाही, म्हणून ते मागे गेले नाहीत. नवव्या मिनिटाला फळ्यावर काय लिहिलंय?

भांडुपकर_विज्ञान: आत्ता पाहिलं. आकृतीत नुसतं "३० सेमी" आहे. "उणे" मी तोंडी म्हणालोय, लिहिलंय थेट शेवटच्या ओळीत.

अनघा_मूल्यमापन: आकृतीतच u = −३० लिहा. तेवढाच तुकडा बदला आणि पुढच्या बॅचला वेगळे आकडे देऊन चाचणी घ्या. याच मुलांना पुन्हा विचारलंत तर त्यांना १५ आठवेल.

क्लासवाला_दादर: पण त्या ११ जणांना परत पाहिल्यामुळे जमलं, की आधीपासूनच येत होतं?

अनघा_मूल्यमापन: या आकड्यांवरून ते कळणार नाही. व्हिडिओच्या आधीही एक प्रश्न द्यावा लागेल. सर, ॲपमध्ये तशी सोय आहे का?

भांडुपकर_विज्ञान: नाही. कागदावर घेतो, पण कोणी व्हिडिओ आधीच पाहिलाय हे कसं धरायचं?